हेज फंड: कुंपणाची मजुरी किती?

प्रश्न: गावाकडची जमीन विकून आम्हा तिघा भावांच्या हाती थोडे पैसे आले आहेत. बँकेतला माणूस म्हणतो, हेज फंडात बाजार पडला तरी कमाई होते, पण एक कोटीशिवाय आत घेत नाहीत. हे लोक नेमकं करतात काय, ‘टू अँड ट्वेंटी’ म्हणजे फी किती, आणि आमच्यासारख्यांना दार बंद का? तिघांनी मिळून एक कोटी केले तर चालेल का?

उत्तर:

मी पैसे गुंतवणारा मॅनेजर नाही, हिशेब ठेवणारा माणूस आहे. फंडाचं ऑफिस न्यूयॉर्कला, नोंदणी केमन बेटांवर आणि महिनाअखेरीला रात्री जागून एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, काढणारी पोरं पुण्यात, असा हा धंदा आहे. त्या पोरांमध्ये मी बरीच वर्षं होतो. पुढे मुंबईतल्या फंडांचे हिशेब पाहिले. फंडाने कमावलं किती आणि गुंतवणूकदाराच्या खात्यात पडलं किती, या दोन आकड्यांमधलं अंतर मोजणं हेच माझं काम होतं, म्हणून फीबद्दल जरा जास्त लिहीन.

पण आधी हे लोक काय करतात ते पाहू. ‘हेज’ म्हणजे कुंपण. एक साधा सौदा घ्या. फंडाच्या अभ्यासकाला वाटतं की दोन खासगी बँकांपैकी पहिलीची कर्जं सांभाळून दिलेली आहेत, आणि दुसरीने जोशात वाटली आहेत. तो पहिल्या बँकेचे एक कोटीचे शेअर घेतो आणि दुसरीचे एक कोटीचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, आजच्या भावाने विकतो. आपल्याकडे हातात नसलेला शेअर रोख बाजारात विकला तर त्याच दिवशी परत घ्यावा लागतो, म्हणून हे विकणं बहुतेक वेळा फ्युचर्समध्येच होतं. अशा सौद्यासाठी हमी म्हणून जी रक्कम ठेवावी लागते, म्हणजे मार्जिन, तिचा काही भाग घेतलेले शेअर गहाण ठेवून भागवता येतो.

आता समजा बाजार दहा टक्के पडला. पहिली बँक सात टक्के उतरली, दुसरी बारा टक्के. पहिलीत सात लाख गेले, दुसरीत बारा लाख आले, हाती पाच लाख उरले. उलट बाजार दहा टक्के चढला, पहिली बारा टक्के वर गेली आणि दुसरी नऊ, तर बारा लाख आले, नऊ गेले, उरले तीन. बँकेतल्या माणसाने तुम्हाला सांगितलेलं ‘बाजार पडला तरी कमाई’ ते हे. बाजार कुठे जातो यावर ही पैज नसते, दोन बँकांमधल्या फरकावर असते. बाजाराच्या लाटेपासून सौद्याला कुंपण घातलेलं असतं.

त्याने न सांगितलेली गोष्ट अशी की या कुंपणाला बाजाराची लाट अडते, अभ्यासकाची चूक अडत नाही. पहिल्या बँकेत घोटाळा निघाला आणि त्याच आठवड्यात दुसरी कोणीतरी विकत घेतेय अशी बातमी आली, तर फंड दोन्हीकडून मार खातो. साध्या शेअरगुंतवणुकीत एका वेळी एकाच बाजूने मार बसतो. शिवाय घेतलेला शेअर फार तर शून्यावर जाईल. विकलेला शेअर किती चढेल याला मात्र वरची हद्द नसते.

ही कल्पना १९४९ची आहे. अल्फ्रेड विन्सलो जोन्स हा माणूस समाजशास्त्राचा डॉक्टर आणि मासिकात लेख लिहिणारा. त्याने न्यूयॉर्कमध्ये एक लाख डॉलर जमवून असा फंड काढला, त्यातले चाळीस हजार स्वतःचे. काही वर्षांनी बाहेरचे भागीदार वाढल्यावर त्याने नफ्याचा पाचवा हिस्सा स्वतःकडे ठेवायला सुरुवात केली. प्राचीन फिनिशियन जहाजांचे कप्तान यशस्वी सफरीच्या नफ्यातला पाचवा भाग ठेवून घेत, असा दाखला तो देई. दरवर्षीची ठरलेली फी त्याच्या फंडात नव्हती, ती पुढच्यांनी जोडली. आज हेज फंड या नावाखाली जोन्सच्या पद्धतीशी संबंध नसलेलं बरंच काही चालतं: कोणी सोनं, तेल, चलनांचे सौदे करतं, कोणी बुडीत कंपन्यांची रोखे-कर्जं घेतं, कोणी सगळं संगणकाच्या गणितावर सोडतं. काहींना कुंपणच नसतं. या सगळ्यांना एकत्र बांधणारा धागा गुंतवणुकीच्या पद्धतीत शोधू नका, तो फीच्या करारात आहे.

तुमची शेतजमीन होती म्हणून त्याच भाषेत सांगतो. जमीन कसायला देण्याच्या दोन पद्धती तुम्हाला ठाऊक आहेत. एक खंडाने, म्हणजे पीक येवो न येवो, ठरलेली रक्कम. दुसरी बटईने, म्हणजे आलेल्या पिकात वाटा. ‘टू अँड ट्वेंटी’मध्ये दोन्ही एकदम असतात आणि दोन्ही कसणाऱ्याच्या बाजूने. जमीन म्हणजे भांडवल तुमचं. तरी दरवर्षी भांडवलाच्या दोन टक्के खंड तुम्ही कसणाऱ्याला द्यायचा, आणि पीक आलं की वीस टक्के वाटाही द्यायचा. पीक बुडालं तर नुकसान जमीनवाल्याचं. मॅनेजरचे स्वतःचे पैसे फंडात असतात, आणि आपल्याकडे तर ते ठेवणं सक्तीचं आहे, पण एकूण रकमेत तो हिस्सा लहान असतो.

आता हिशेबच मांडतो. तुम्ही एक कोटी टाकले. करार दोन आणि वीसचा. वर दोन्हीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दोनचे झाले २.३६ आणि वीसचे झाले २३.६. सोपं जावं म्हणून वर्षाच्या सुरुवातीच्या रकमेवर फी धरतो. इतर खर्च आणि आयकर तूर्त बाजूला ठेवू.

पहिल्या वर्षी फंडाने २० टक्के कमावले, म्हणजे २० लाख. खंड गेला २ लाख ३६ हजार. उरलेल्या १७ लाख ६४ हजारांवर वाटा, जीएसटीसकट, ४ लाख १६ हजार. तुमची शिल्लक १ कोटी १३ लाख ४८ हजार. हाती १३ टक्क्यांच्या वर पडले, सगळे खूश. बँकेतला माणूस याच वर्षाचा कागद तुम्हाला दाखवील.

दुसऱ्या वर्षी १५ टक्के तोटा. १७ लाख गेले. खंड मात्र द्यायचाच, २ लाख ६८ हजार. शिल्लक ९३ लाख ७८ हजार. आता लक्षात घ्या, पहिल्या वर्षीच्या नफ्यावर दिलेला वाटा परत येत नाही. ज्या पिकावर वाटा दिला ते पीक तर पुढच्या साली वाहून गेलं, पण वाटा गेला तो गेलाच.

तिसऱ्या वर्षी फंड सावरला, १८ टक्के कमावले. १६ लाख ८८ हजार आले, खंड २ लाख २१ हजार गेला, शिल्लक १ कोटी ८ लाख ४४ हजार. या वर्षी वाटा किती? शून्य. तुमच्या खात्याने आधी १ कोटी १३ लाख ४८ हजारांची उंची गाठली होती आणि तिच्यावर वाटा देऊन झाला होता. ती खूण ओलांडल्याशिवाय नवा वाटा लागत नाही. नदीच्या पुराची रेघ पुलाच्या खांबावर असते तशी ही रेघ, म्हणून तिला ‘हाय वॉटर मार्क’ म्हणतात. करारात हे कलम नसतं तर तिसऱ्या वर्षी आणखी साडेतीन लाखांच्या आसपास गेले असते.

आता तीन वर्षांची बेरीज. फी नसती तर तुमचे एक कोटीचे १ कोटी २० लाख ३६ हजार झाले असते. झाले १ कोटी ८ लाख ४४ हजार. वाढ व्हायला हवी होती २० लाखांची, हाती पडली साडेआठ लाखांहून थोडी कमीच, वर्षाला पावणेतीन टक्क्यांच्या घरात. मधला निम्म्याहून जास्त भाग फीमध्ये गेला. करारात मात्र ‘वीस टक्के’ लिहिलेलं आहे आणि कोणी एक पैशाचीही लबाडी केलेली नाही. कुंपणच शेत खातं म्हणतात ते असं, रीतसर आणि ऑडिट होऊन.

हे मी सोयीचे आकडे निवडून दाखवतोय असं वाटेल. वाईट वर्ष मध्ये घातल्यामुळे चित्र गडद दिसतं हे खरं आहे, सलग तीन चांगली वर्षं असती तर फीचा हिस्सा कमी दिसला असता. पण वाईट वर्षं येतातच. अमेरिकेतल्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ ते २०१६ या काळातल्या हजारो फंडांचा हिशेब लावला, तेव्हा करारातला वाटा सरासरी १९ टक्के असताना सगळ्यांचा मिळून झालेल्या नफ्यातला जवळजवळ निम्मा वाट्यातच गेला असं निघालं. कारण दोन. तोट्यातल्या फंडातून लोक घाबरून बाहेर पडतात, आणि त्यांची रेघ तिथेच पुसली जाते; नंतरच्या भरपाईचा लाभ त्यांना मिळत नाही. दुसरं, दोन फंडांत पैसे टाकले आणि एकाने दहा लाख कमावले, दुसऱ्याने दहा लाख घालवले, तर तुमची बेरीज शून्य असली तरी पहिल्याला दोन लाख द्यावे लागतात. दुसरा तुम्हाला काही परत देत नाही.

करार वाचताना आणखी एक शब्द पाहायचा, ‘हर्डल’. म्हणजे उंबरठा: अमुक टक्क्यांपर्यंतच्या नफ्यावर वाटा नाही. भारतात आठ किंवा दहा टक्क्यांचा उंबरठा सर्रास दिसतो आणि विकणारा तो अभिमानाने सांगतो. मग विचारायचं, ‘कॅच-अप आहे का?’ एक कोटीवर फंडाने १२ लाख कमावले आणि उंबरठा १० लाखांचा, असं समजा. कॅच-अप नसेल तर वाटा फक्त वरच्या दोन लाखांवर, म्हणजे ४० हजार. पूर्ण कॅच-अप असेल तर उंबरठा ओलांडल्यावर मॅनेजर आधी एकूण नफ्याचे वीस टक्के भरून काढतो, म्हणजे वरचे दोनच्या दोन लाख त्याचे. तोच फंड, तोच नफा आणि तोच उंबरठा असूनही पाचपट फरक पडला. हा शब्द माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर मी कधी पाहिलेला नाही.

पुराच्या रेघेवरून आमच्या टेबलावरची एक गोष्ट. रेघ फंडाची नसते, प्रत्येक गुंतवणूकदाराची वेगळी असते. फंडाची एनएव्ही ११३ वरून ९४ वर आल्यावर कोणी नवा माणूस आत आला, तर त्याची रेघ ९४ला मारायची. ९४ ते ११३ हा प्रवास जुन्यासाठी भरपाई आहे, नव्यासाठी निव्वळ नफा. म्हणून दर महिन्याला येणाऱ्यांची वेगळी मालिका उघडतात आणि प्रत्येकीची एनएव्ही वेगळी काढतात. एका फंडात आमच्या एका पोराने नव्या मालिकेला जुन्या मालिकेची रेघ चिकटवली. नव्या गुंतवणूकदारांना चार महिने वाट्याची आकारणीच झाली नाही, त्यांची एनएव्ही फुगून दिसली, आणि मधल्या काळात एक जण त्या फुगलेल्या भावाने पैसे काढून गेलासुद्धा. ऑडिटरने पकडलं. सगळे महिने पुन्हा चालवले, आणि गेलेल्या माणसाकडून पैसे परत मागायचे कोणी, यावर दोन महिने पत्रव्यवहार झाला. तेव्हापासून कोणी विचारलं तर मी सांगतो, स्टेटमेंटवर फंडाचा परतावा पाहू नका, तुमच्या मालिकेचा पाहा.

या रेघेचा मॅनेजरवर काय परिणाम होतो, हे मेल्विन कॅपिटलच्या प्रकरणात उघड्यावर आलं. गेब प्लॉटकिन यांचा हा अमेरिकी फंड २०२१च्या सुरुवातीला साडेबारा अब्ज डॉलरच्या घरात होता. गेमस्टॉप नावाच्या दुकानसाखळीचे शेअर पडतील या हिशेबाने त्यांनी ते विकून ठेवले होते. सामान्य गुंतवणूकदारांनी इंटरनेटवर एकमेकांना चेतवत तो शेअर घ्यायला सुरुवात केली आणि वीस डॉलरच्या आसपासचा भाव जानेवारीतच तीनशेच्या वर गेला. विकलेल्या शेअरला वरची हद्द नसते असं मघाशी म्हटलं, ते हे. त्या एका महिन्यात फंड ५३ टक्के घसरला. बाहेरून पावणेतीन अब्ज डॉलर आले तेव्हा तग धरला. २०२१ अखेर तोटा ३९ टक्क्यांवर आला, पण २०२२च्या पहिल्या तिमाहीत आणखी २१ टक्के गेले.

आता मॅनेजरच्या खुर्चीत बसून बघा. शंभराचे अठ्ठेचाळीस झाले आहेत. जुन्या गुंतवणूकदारांची रेघ शंभरावर आहे. पैसे दुपटीहून जास्त करेपर्यंत त्यांच्याकडून वाट्याचा एक डॉलरही मिळणार नाही. कर्मचाऱ्यांचे बोनस वाट्यातून निघतात. वाटा नाही तर चांगली माणसं वर्ष-दोन वर्षांत समोरच्या फंडात जातात. एप्रिल २०२२मध्ये मेल्विनने गुंतवणूकदारांना प्रस्ताव दिला: फंड गुंडाळतो, पैसे परत करतो, हवं तर तेच पैसे नव्या फंडात ठेवा. नव्या फंडात अर्थातच नवी रेघ, म्हणजे जुना तोटा भरून काढण्याआधीच वाटा सुरू. गुंतवणूकदार भडकले, प्लॉटकिन यांनी माफी मागून प्रस्ताव मागे घेतला, आणि मे महिन्यात फंडच बंद करायचं ठरवलं. माफी मागावी लागली कारण त्यांनी गुंतवणूकदारांना सरळ विचारलं होतं. एरवी हेच शांतपणे होतं. तोट्यातला फंड बंद होतो आणि वर्षभराने तोच मॅनेजर नव्या नावाने उभा राहतो, पाटी कोरी.

दाराकडे वळू. हे दार बंद ठेवण्यामागे श्रीमंतांचं कारस्थान वगैरे नाही, एक सौदा आहे. म्युच्युअल फंड कोणाचेही पाचशे रुपये घेतो, त्या बदल्यात त्याने काय घ्यावं, एका कंपनीत किती ठेवावं, खर्च किती लावावा, रोज एनएव्ही कशी जाहीर करावी, हे सगळं नियामक ठरवतो. हेज फंडाला या बंधनांतून मोकळीक हवी असते, म्हणून तो कबूल करतो की मी जनतेकडे जाणार नाही. अमेरिकेत १९४०च्या गुंतवणूक कंपनी कायद्यातून सुटायचं तर एकतर शंभरापर्यंतच भागीदार ठेवायचे, नाहीतर फक्त बड्या गुंतवणूकदारांनाच घ्यायचं, ज्यात व्यक्तीसाठी पन्नास लाख डॉलरच्या गुंतवणुकीची अट आहे. आपल्याकडे सेबीच्या २०१२च्या नियमांत हेज फंडासारख्यांचा वर्ग म्हणजे ‘पर्यायी गुंतवणूक निधी, तिसरा प्रवर्ग’. बाजारात त्याला कॅट-थ्री एआयएफ म्हणतात. किमान एक कोटी, एका योजनेत जास्तीत जास्त एक हजार गुंतवणूकदार, जाहिरात नाही, विक्री खासगीतच. उधारीलाही मर्यादा आहे. सगळ्या सौद्यांची मिळून रक्कम फंडाच्या मालमत्तेच्या दुपटीपुढे नेता येत नाही. १९९८मध्ये अमेरिकेतला लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा फंड भांडवलाच्या पंचवीसपट सौदे घेऊन बसला होता. पंचवीसपट म्हणजे चार टक्के उलट गेलं की भांडवल साफ. नोबेल मिळालेले दोन अर्थशास्त्रज्ञ भागीदार असूनही तो बुडाला आणि चौदा वित्तसंस्थांना ३.६ अब्ज डॉलर घालून तो सावरावा लागला.

नियम बाजूला ठेवले तरी मॅनेजरला तुम्ही परवडत नाही, हेही खरं. शंभर कोटी शंभर जणांकडून आले तर शंभर केवायसी, शंभर स्टेटमेंटं. दहा हजार जणांकडून आले तर तेवढ्याच फीमध्ये त्याला कॉल सेंटर उघडावं लागेल. आणि लहान गुंतवणूकदाराला पैसे अचानक लागतात: मुलीचं लग्न, आजारपण, घराचं टोकन. वर सांगितलेला दोन बँकांचा सौदा मध्येच मोडावा लागला तर सगळा हिशेब फसतो. म्हणून या फंडांत वर्ष-दीड वर्ष पैसे अडकवून ठेवतात, नंतरही महिना-तीन महिन्यांची आगाऊ सूचना मागतात, आणि बाजार कोसळला की पैसे देणं काही काळ थांबवण्याचं कलम असतं. २००८मध्ये जगभरच्या कितीतरी फंडांनी ते वापरलं. पैशाची सर्वात जास्त गरज तेव्हाच असते.

तिसरं कारण थोडं बोचरं आहे. खरोखर चांगल्या सौद्यात जागा कमी असते. दोन मध्यम कंपन्यांतला फरक वीस कोटींनी साधता येतो, दोन हजार कोटींनी नाही. तुमच्याच खरेदीने भाव हलतो. अमेरिकेतल्या रेनेसाँ टेक्नॉलॉजीज या कंपनीचा मेडॅलियन हा सर्वात नावाजलेला फंड. त्याने १९९३ मध्येच नवे बाहेरचे पैसे घेणं थांबवलं आणि २००५पर्यंत उरलेल्या बाहेरच्यांनाही पैसे देऊन मोकळं केलं. आता तो स्वतःच्या माणसांपुरता चालतो. ज्याच्याकडे खरी विहीर आहे तो पाणी विकायला दारोदार फिरत नाही. म्हणून एखादा फंड बँकेच्या शाखेतून तुमच्यापर्यंत येतो, तेव्हा तो कोणाकोणाला दाखवून झालेला आहे, याचा विचार करा.

बाहेर राहून तुम्ही काय गमावताय, तेही ऐका. वॉरन बफे यांनी दहा लाख डॉलरची पैज लावली होती: २००८ ते २०१७ या दहा वर्षांत साधा निर्देशांक फंड हेज फंडांच्या निवडक टोपल्यांना हरवेल. समोरच्याने पाच टोपल्या निवडल्या, प्रत्येकीत कित्येक हेज फंड. पैजेच्या पहिल्याच वर्षी बाजार कोसळला आणि हेज फंडांनी कमी मार खाल्ला, कुंपणाने काम केलं. दहा वर्षांनी निर्देशांक फंडाची वाढ १२५.८ टक्के होती. पाचातल्या सर्वात चांगल्या टोपलीची ८७.७, आणि सर्वात वाईट टोपलीची २.८. टोपलीवाल्याची फी वेगळी आणि आतल्या फंडांची वेगळी, असा दुहेरी खंड होता हे विसरू नका.

आपल्याकडे वर कराचा एक पेच आहे. म्युच्युअल फंडात कर लागतो तो तुम्हाला, आणि तुम्ही विकाल तेव्हा. कॅट-थ्रीमध्ये कर फंडाच्या पातळीवरच कापला जातो, आणि फ्युचर्समधली कमाई व्यवसायाचं उत्पन्न धरली तर तो सर्वोच्च दराने, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपास. माहितीपत्रकात मात्र पुष्कळदा करापूर्वीचा परतावा मोठ्या अक्षरात असतो, कधी फीपूर्वीचाही. ‘फी आणि कर दोन्ही वजा जाता किती?’ एवढा एकच प्रश्न विचारला की बोलणाऱ्याचा चेहरा वाचता येतो.

तिघांनी मिळून एक कोटीचं म्हणाल तर, नाही चालणार. एक कोटीच्या अटीसाठी संयुक्त खातं फक्त दोघांचं चालतं, आणि तेही पती-पत्नी किंवा आई-वडील व मूल यांचं. भाऊ-भाऊ बसत नाहीत. एकाच्या नावावर टाकून घरात वाटून घेऊ, असं कोणी सुचवलं तर करू नका. कागदावर पैसे, कर, वारसा सगळं त्या एकाचं. उद्या तुमच्यात वाद झाला तर फंड बाकीच्या दोघांना ओळखसुद्धा दाखवणार नाही. आणि ‘आमचा हेज फंड दोन लाखांपासून घेतो’ म्हणणारा कोणी भेटला, तर सेबीच्या संकेतस्थळावर त्याचं नाव शोधा. खऱ्या तिसऱ्या प्रवर्गाचा नोंदणी क्रमांक `IN/AIF3/` असा सुरू होतो. तो नसेल तर लांब राहा, मग त्याच्या ऑफिसची काच कितीही गुळगुळीत असू दे.

एक कोटीच्या अलीकडे कायदेशीर दोन गोष्टी आहेत. एप्रिल २०२५पासून म्युच्युअल फंड कंपन्यांना ‘स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंड’ काढायला परवानगी आहे. किमान दहा लाख, आणि मालमत्तेच्या २५ टक्क्यांपर्यंत बिनकुंपणाची विक्री फ्युचर्समधून करता येते. नफ्यातला वाटा मात्र नाही, खर्चावर म्युच्युअल फंडांसारखीच मर्यादा. दुसरी गोष्ट जुनी आहे आणि तिच्याकडे कोणी हेज फंड म्हणून बघत नाही: आर्बिट्राज फंड. शेअर आज हजाराला आहे, त्याच शेअरचं महिनाअखेरचं फ्युचर हजार सहाला. फंड शेअर घेतो, फ्युचर विकतो. महिनाअखेरीला दोन्ही भाव एक होतात आणि मधले सहा रुपये, खर्च वजा जाता, फंडाचे. शेअर चढो की पडो, फरक पडत नाही. दोन्ही बाजूंनी पक्कं कुंपण, आणि पीकही कुंपणाच्या मानानेच, साधारण अल्प मुदतीच्या व्याजाएवढं. काही हजारांतही घेता येतो, एसआयपीसुद्धा होते.

तुमच्या बँकेतल्या माणसाला पुढच्या भेटीत ‘डायरेक्ट प्लॅनचा फॉर्म द्या’ एवढं म्हणून पाहा. एआयएफला तो ठेवणं बंधनकारक आहे, त्यात वितरकाचं कमिशन नसतं, आणि कॅट-थ्रीमध्ये ते एरवी दरवर्षी थोडं थोडं जात राहतं. फॉर्म तो देणार नाही, पण फंड तुमच्यासाठी किती चांगला आहे याबद्दलचं त्याचं पुढचं वाक्य जरा कानात साठवून ठेवा.